शनिवारी औषधांची पिशवी घेऊन या

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता देवळाच्या सभामंडपात आपल्या फार्मासिस्ट ताई प्रत्येकाची औषधांची लेबलं पाहून देतील. इन्सुलिन मात्र घरीच ठेवा, नुसता खोका आणा.

तोवर एवढं पाळा:

- ‘३०° सें. खाली ठेवा’ म्हणजे फ्रीजमध्ये ठेवा असं नव्हे. फ्रीजच्या औषधांवर ‘२° ते ८°’ असं लिहिलेलं असतं. गोळ्यांची बाटली फ्रीजमधून काढून उघडली की आपल्या दमट हवेत आत पाणी धरतं.
- मे महिन्यात दुपारी दोन तास खोली ३३° झाली म्हणून गोळ्या फेकू नका. रोजचीच तापत असेल तर आतल्या खोलीत, खालच्या खणात हलवा. फ्रीजचा माथा नको, तो गरम असतो.
- कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, मलमाचं तेल सुटलं, तर वापरू नका, दाखवायला आणा.