शेअर घेतला, पण अजून आपला झाला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर बाजाराचे आकडे रोज येतात, कोणता शेअर घ्यावा याचे सल्लेही येतात. घेतलेला शेअर आपल्या नावावर नेमका कधी होतो, याबद्दल मात्र फारसे छापून येत नाही. नाशिकमधल्या एका सब-ब्रोकरच्या कार्यालयात मी 1994 ते 2022 हिशेबाच्या टेबलावर काम केले. निवृत्तीनंतर या विषयावर लिहावे असे कधी वाटले नव्हते. पण इंदिरानगरमध्ये आमच्याच इमारतीत राहणाऱ्या आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत नुकतेच जे घडले, ते पाहून हे पत्र लिहीत आहे.

या मुलाने एका सोमवारी सकाळी एका छोट्या कंपनीचे 100 शेअर 300 रुपयांनी घेतले. त्याच दिवशी दुपारनंतर तो शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसासाठी ठरलेल्या भावाच्या वरच्या मर्यादेला, जाऊन चिकटला. मंगळवारी 315 भाव मिळाल्यावर त्याने सगळे विकून टाकले आणि दीड हजार सुटले म्हणून घरी पेढे आणले. बुधवारी संध्याकाळी ब्रोकरचा संदेश आला, की तुम्ही शेअर दिले नाहीत, ते ऑक्शनमध्ये 340 रुपयांनी घ्यावे लागले आणि फरकाची रक्कम दंडासह तुमच्या खात्यातून वळती केली आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "मावशी, पैसे मी पूर्ण भरलेत, शेअर मोबाइलवर दिसत होते, मग मी दिले नाहीत असं कसं म्हणतात?"

तो खोटे बोलत नव्हता आणि ब्रोकरनेही त्याला फसवले नव्हते. सौदा होणे आणि मालकी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

लासलगावच्या बाजार समितीत कांदा विकणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही. लिलावात ट्रॉलीपुढे भाव पुकारला गेला, की सौदा पक्का होतो. पण ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन वजन व्हायचे असते, हिशेबपट्टी व्हायची असते आणि त्यानंतर पैसे मिळायचे असतात. भाव लिलावातच ठरला, तरी देणेघेणे नंतर होते. शेअर बाजारात सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो तो नुसता लिलाव. त्या क्षणापासून भावातला नफा-तोटा आपला असतो, शेअर मात्र अजून आपला नसतो.

साडेतीननंतर काय होते ते सांगते. एक्स्चेंजवरचे सगळे सौदे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात. ती प्रत्येक विकणाऱ्यासाठी घेणारी होते आणि प्रत्येक घेणाऱ्यासाठी विकणारी होते. त्यामुळे आपला शेअर विकणारा कोण होता हे आपल्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही राहत नाही. मग वजाबाकी सुरू होते. समजा, एका ब्रोकरच्या ग्राहकांनी मिळून एखाद्या कंपनीचे 1,000 शेअर घेतले आणि 700 विकले, तर त्या ब्रोकरचे बाजाराकडून येणे फक्त 300 शेअरचे उरते. पैशांचीही अशीच वजाबाकी होते. दिवसभरातले असंख्य सौदे असे आटून थोड्याशा देण्याघेण्यावर येतात. प्रत्येक सौदा त्याच क्षणी मिटवायचा ठरवला तर ही वजाबाकी करताच येणार नाही, आणि प्रत्येक सौद्याची पूर्ण रक्कम व पूर्ण शेअर आधी हजर ठेवावे लागतील. म्हणून मधली रात्र वाया जाते असे मला वाटत नाही. त्याच रात्री म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांचे शेअर सांभाळणारे कस्टोडियन आपापले सौदे तपासून मान्य करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत पे-इन असते. ज्याचे शेअर द्यायचे त्याचे शेअर आणि ज्याचे पैसे द्यायचे त्याचे पैसे तोवर क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोहोचले पाहिजेत. दुपारी पे-आउट होते. पूर्वी शेअर आधी ब्रोकरच्या पूल खात्यात येत आणि तिथून ग्राहकाकडे जात. आता सेबीच्या नियमाने ते थेट ग्राहकाच्या डीमॅट खात्यात येतात आणि त्यासाठी दुपारी साडेतीनपर्यंतची वेळ आहे. मालकी बदलते ती या जमेच्या वेळी, डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच्या म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या नोंदीत. त्याआधी मोबाइलवर T1 अशी खूण लावून जे शेअर दिसतात ते ब्रोकरने दाखवलेले येणे असते.

आता त्या मुलाचा हिशेब. सोमवारी त्याला ज्याच्याकडून शेअर यायचे होते, त्याने मंगळवारी सकाळी ते दिलेच नाहीत. असे बहुधा तेव्हा होते, जेव्हा कोणी जवळ शेअर नसताना दिवसाच्या आत परत घेण्याच्या बोलीने विकतो आणि शेअर वरच्या सर्किटला अडकतो. मग कोणी विकायलाच तयार नसतो आणि त्याला ते परत घेता येत नाहीत. ही झाली शॉर्ट डिलिव्हरी. अशा वेळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्या मंगळवारीच ऑक्शन लावून दुसऱ्याकडून शेअर घेते, पण ते मिळतात बुधवारी. खर्च सगळा चुकलेल्याच्या माथी. आमच्या मुलाला हे शेअर बुधवारी दुपारी मिळाले आणि त्याला पडले 300 रुपयांनाच.

इथवर त्याचे नुकसान काहीच नव्हते. पण मंगळवारी त्याने स्वतःही विक्री केली होती आणि त्या विक्रीचे पे-इन बुधवारी सकाळी साडेदहाला होते. यायचे दुपारी आणि द्यायचे सकाळी. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या वहीत आता तोच चुकलेला ठरला. बुधवारच्या ऑक्शनमध्ये त्याच्या नावाने 340 ने शेअर घेतले गेले. त्याला विक्रीचे 31,500 मिळायचे होते आणि ऑक्शनचे 34,000 द्यायचे होते, म्हणजे 2,500 पदरचे गेले. दुपारी आलेले 100 शेअर त्याच्याच खात्यात राहिले, नको असताना. गुरुवारी भाव उतरला आणि 308 ने विकून त्यावर 800 सुटले. दीड हजार नफ्याच्या जागी 1,700 चा तोटा, आणि दंड वेगळा.

ऑक्शनमध्येही कोणी विकणारा पुढे आला नाही, तर क्लोज-आउट होतो. मग घेणाऱ्याला शेअर मिळतच नाहीत, पैसे मिळतात. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा 20 टक्के जास्त भाव, यांपैकी जो मोठा तो धरतात. चुकलेल्याला हा फार महाग पडतो. घेतले आणि दुसऱ्याच दिवशी विकले, याला बाजारात बीटीएसटी म्हणतात. मोठ्या, भरपूर उलाढालीच्या कंपन्यांत ते सहसा निभावून जाते. पण सर्किटला लागलेल्या छोट्या शेअरमध्ये ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेअर जमा झाल्याचा डिपॉझिटरीचा एसएमएस हातात येईपर्यंत थांबावे.

माझ्या उमेदीच्या काळाशी तुलना केली तर आजचा एक दिवस काहीच नाही. तेव्हा आठवड्याचे सौदे एकत्र मिटायचे. ट्रान्सफर डीड, त्यावरची तिकिटे आणि सर्टिफिकेटांचे गठ्ठे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे, आणि सही जुळली नाही म्हणून महिन्याने परत यायचे. डीमॅट आले. पुढे 1 एप्रिल 2002 पासून तीन दिवसांत, 1 एप्रिल 2003 पासून दोन दिवसांत आणि 27 जानेवारी 2023 पासून सर्व शेअरमध्ये एका दिवसात सौदे मिटू लागले. निवडक शेअरसाठी आता त्याच दिवशी मिटवण्याची ऐच्छिक सोयही आहे.

तरीही एकाचे दोन दिवस होतात, आणि त्याचे कारण आपल्या महाराष्ट्रात खास आहे. शेअर बाजार उघडा आणि बँका बंद असा दिवस मध्ये आला की सौदा होतो, पण पैसे हलत नाहीत. त्याला सेटलमेंटची सुट्टी म्हणतात. 2025 मध्ये 19 फेब्रुवारीला, बुधवारी, शिवजयंती होती. बँकांना सुट्टी, बाजार चालू. मंगळवारी 18 ला घेतलेले शेअर बुधवारी आलेच नाहीत. मंगळवारचे आणि बुधवारचे, दोन्ही दिवसांचे सौदे गुरुवारी 20 ला मिटले. मंगळवारी घेतलेला शेअर बुधवारी विकला असता, तर घेणे आणि देणे एकाच दिवसावर आले असते. त्यामुळे अशा दिवशी बरेच ब्रोकर आदल्या दिवशीची खरेदी विकूच देत नाहीत. त्यात ब्रोकरचा दोष नसतो. मात्र मंगळवारी शेअर विकून बुधवारी मुलाची फी भरू असे ज्याने ठरवले होते, त्याची ओढाताण झाली असेल, कारण त्याचे पैसेही गुरुवारीच मिळायचे होते. वर्षअखेरीच्या हिशेबासाठी बँका बंद असतात त्या 1 एप्रिललाही असेच होते.

म्हणून माझी एक विनंती आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण शेअर बाजाराच्या सुट्ट्यांची यादी छापता. तिच्या शेजारी सेटलमेंटच्या सुट्ट्यांचा वेगळा रकाना द्यावा. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही यादी आधीच जाहीर करतात, त्यामुळे ती मिळवायला अडचण येणार नाही. आणि अशी सुट्टी येणार असेल तेव्हा आदल्या दिवशीच्या अंकात दोन ओळी द्याव्यात, की आज घेतलेले शेअर उद्या मिळणार नाहीत.

वाचकांनाही एक सांगते. ब्रोकर रोज जी कॉन्ट्रॅक्ट नोट ई-मेलने पाठवतो, ती न उघडता टाकून देऊ नका. तिच्यावर सौद्याच्या तारखेबरोबर सेटलमेंटचा क्रमांक आणि तारीखही असते. त्या मुलाच्या सोमवारच्या नोटेवर मंगळवारची तारीख स्पष्ट छापलेली होती. त्या तारखेला शेअर आले का, एवढे विकण्याआधी डीमॅट खात्यात पाहिले असते, तर मंगळवारी सकाळी खाते रिकामेच दिसले असते.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
इंदिरानगर, नाशिक