बदल अर्ज फेटाळला म्हणजे विश्वस्तपद गेले, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक न्यासांबाबत तक्रारीच्या बातम्या येतात त्या बहुधा मोठ्या देवस्थानांच्या असतात. लहान संस्थांचे हाल कसे होतात ते कुठे फारसे येत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी आमच्या गावच्या वाचनालयाचा सचिव आहे. संस्था जुनी असून १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली अशी तिची दोन्हीकडे नोंदणी आहे. नोंदणी क्रमांकाच्या आधी 'एफ' असते ती आमच्यासारख्या संस्थांसाठी.

यंदा मार्चमध्ये बँकेत सह्या बदलायला गेलो. अधिकाऱ्याने शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदवहीचा उतारा समोर ठेवला आणि अध्यक्षांच्या नावावर बोट टेकवून म्हणाले, "यांना घेऊन या." ते नाव आमच्या अप्पांचे. अप्पा जाऊन सहा वर्षे झाली. उताऱ्यावरच्या सात नावांपैकी तिघे आज हयात नाहीत. मयत दाखले मी पिशवीत घेऊनच गेलो होतो, पण बँकेला ते पुरत नाहीत. नोंदवहीत बदल झाल्याशिवाय त्या अधिकाऱ्यालाही काही करता येत नव्हते, आणि त्यात त्याची चूक नाही.

असे का झाले ते सांगतो, कारण शेकडो मंडळांची गाडी इथेच रुतते. विश्वस्त बदलला, मग तो निवडणुकीने असो, राजीनाम्याने असो की मृत्यूने, की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत तो बदल नोंदवून घेण्यासाठी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, राजीनामे किंवा मयत दाखले जोडायचे. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्जही. आम्ही २२ जून २०१४ ला निवडणूक घेतली आणि ऑगस्टात बदल अर्ज दिला. म्हणजे मुदतीत दिला. नंतर तारखा पडत गेल्या. २०१९ ला पुढची निवडणूक झाली, दुसरा अर्ज गेला. पहिल्याचा निकाल नाही म्हणून दुसरा तसाच पडून राहिला.

११ जुलै २०२२ ला पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण एकच: सभेची नोटीस सर्व सभासदांना मिळाली याचा पुरावा दाखल नाही. ही त्रुटी आमची होती, हे मान्य करतो. घटनेप्रमाणे पंधरा दिवस आधी नोटीस वाटली होती, वाटप वहीत सभासदांच्या सह्याही आहेत, पण ती वही कपाटात राहिली. पुराव्याच्या यादीत ती घालायचे कोणाला सुचले नाही. बदल अर्ज फेटाळले जाण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. ज्या मंडळांची निवडणूक येत्या वर्षात आहे त्यांनी वाटप वही, पोस्टाच्या पावत्या आणि हजेरीपत्रक अर्जासोबतच जोडावे. पुढे मागतील तेव्हा देऊ, असे म्हणू नये.

आदेश झाला हे आम्हाला नोव्हेंबरात कळले, तेही सहज चौकशी केली म्हणून. तोवर गावात बोलबाला झाला होता की जुनी कमिटी बरखास्त झाली. एका सभासदाने तर मला ग्रंथालयाच्या किल्ल्या मागितल्या. हा गैरसमज फार महागात पडतो. बदल अर्ज फेटाळणे म्हणजे तो बदल नोंदवहीत घ्यायला नकार देणे. त्याने कोणी पदावरून निघत नाही. निवडून आलेले मंडळ निवडीपासूनच काम पाहू लागते, बदल अर्जाची चौकशी सुरू आहे म्हणून त्याला थांबावे लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने चेंबूर-ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात म्हटले आहे. विश्वस्ताला काढायचे तर कलम ४१ड चा वेगळा रस्ता आहे. त्यात धर्मादाय आयुक्तांनी लेखी दोषारोप ठेवायचे, विश्वस्ताला विरुद्ध बाजूचा पुरावा तपासायची आणि स्वतःचा पुरावा द्यायची संधी द्यायची, आणि आदेशात प्रत्येक आरोपावर कारणांसह निष्कर्ष लिहायचा. सतत हिशेब न देणे, कायदेशीर आदेश जाणूनबुजून धुडकावणे, न्यासाची मालमत्ता गिळणे, अशी त्याची कारणे कायद्यातच दिलेली आहेत.

दाद मागायची जागाही दोन्हींत वेगळी आहे आणि इथे बरेच जण चुकीचे दार ठोठावतात. सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांनी बदल अर्जावर दिलेल्या निर्णयावर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील होते, मुदत ६० दिवस. तिथेही विरोधात गेले तर कलम ७२ खाली जिल्हा न्यायालयात, मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात, पुन्हा ६० दिवसांत अर्ज करायचा. ४१ड खाली निलंबन किंवा बडतर्फी झाली असेल, तर कलम ७० चा संबंधच नाही. त्या आदेशाविरुद्ध तो कळवल्यापासून ९० दिवसांत थेट न्यायालयात जावे लागते.

आमचे ६० दिवस ९ सप्टेंबरला संपले होते. कलम ७५ मुळे मुदत कायद्यातल्या सवलती इथे लागू आहेत, म्हणून साक्षांकित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात आणि सबळ कारण दाखवले तर विलंबही माफ होतो. आमचा झाला, पण त्यातच काही महिने गेले. २०२४ मध्ये अपील मंजूर होऊन प्रकरण फेरचौकशीला परत आले. वाटप वही आता दाखल आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीचा तिसरा अर्ज दुसऱ्याच्या मागे रांगेत उभा आहे.

माझ्या मते या दुखण्यावर औषध कायद्यातच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बदल अर्ज तात्पुरता मान्य करून हरकती मागवायची आणि ३० दिवसांत हरकत आली नाही तर ती मान्यता कायम धरायची, अशी सोय केली आहे. आमच्या तिन्ही अर्जांवर आजवर एकही हरकत नाही. जिथे वाद नाही तिथे ही तरतूद खरोखर वापरली, तर अधिकाऱ्यांचा वेळ भांडणाच्या प्रकरणांना मिळेल. एकाच न्यासाचे लागोपाठचे बदल अर्ज एकत्र चालवावेत, म्हणजे पहिल्याच्या पायात पुढचे अडकणार नाहीत. आणि आदेश झाला की त्याची प्रत अर्जदार विश्वस्ताच्या पत्त्यावर जावी, तिच्या तळाशी अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे हे दोन ओळींत छापलेले असावे. आमच्या आदेशावर त्या दोन ओळी असत्या आणि तो टपालाने आला असता, तर आम्ही जुलैतच वही घेऊन अपिलात उभे राहिलो असतो.

दरवर्षी ३१ मार्चला आम्ही हिशेब बंद करतो, चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घेतो आणि अहवाल वेळेत देतो. त्या अहवालावर माझी सही असते आणि तो स्वीकारलाही जातो. त्याच कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र माझे नाव अजून नाही. फेरचौकशीची पुढची तारीख मिळाली आहे. वाटप वहीवर सही केलेल्यांपैकी दोन सभासद साक्षीला येणार आहेत. त्यातले एक ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि तारीख पुन्हा पुढे जाऊ नये एवढीच त्यांची विनंती आहे.

आपला,
एका ग्रामीण वाचनालयाचा सचिव