तक्रार पत्र: फिट-आउट रकमेची भाड्यातून झालेली जादा वसुली आणि नूतनीकरणाचा प्रस्तावित दर

दिनांक: 9 फेब्रुवारी 2026
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, भाडे व मालमत्ता विभाग

विषय: मुंबई नाक्याजवळील आपल्या संकुलातील दुसऱ्या मजल्याचा करार, परिशिष्ट 3 मधील फिट-आउट वसुली

संदर्भ: नाशिकच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला 60 महिन्यांचा करार (1 एप्रिल 2021 ते 31 मार्च 2026) आणि आपले नूतनीकरणाचे पत्र

महोदय,

पुढील पाच वर्षांसाठी दरमहा 2,93,595 रुपये भाड्याचा आपला प्रस्ताव मिळाला. सध्याच्या 2,55,300 रुपयांवर 15 टक्के वाढ, असा त्याचा सरळ हिशोब आहे. आमची हरकत वाढीच्या टक्केवारीला नाही. ती ज्या आकड्यावर लावली आहे, त्या आकड्याला आहे. त्यात 82,800 रुपये भाडे नसून फिट-आउटचा हप्ता आहे आणि परिशिष्ट 3 नुसार तो 31 मार्चला संपतो.

जागा घेताना 3,000 चौरस फूट चार्जेबल एरियाला 50 रुपये दराने दरमहा 1,50,000 रुपये भाडे ठरले. आमच्या डायग्नोस्टिक सेंटरच्या अंतर्गत कामासाठी आपण चौरस फुटाला 900 रुपये, म्हणजे 27 लाख रुपये देऊ केलेत. ते 'वार्षिक 12 टक्के व्याजाने 60 समान मासिक हप्त्यांत' वसूल करायचे, असे परिशिष्ट 3 म्हणते. मात्र मुख्य करारात दोन्ही रकमा एकत्र करून 74 रुपये, म्हणजे 2,22,000 रुपये असा एकच आकडा लिहिला गेला. पुढचा सगळा घोळ या एका आकड्यातून झाला आहे.

आधी 24 रुपयांबद्दल. आपल्या लेखा विभागाच्या तक्त्यात 27 लाखांवर 12 टक्क्यांनी पाच वर्षांचे 16,20,000 रुपये व्याज धरून एकूण 43,20,000 ला 60 ने भागले आहे. त्यातून 72,000 चा हप्ता निघतो. हे फ्लॅट व्याज झाले. परिशिष्टात फ्लॅट हा शब्द कुठेही नाही. मुद्दल दरमहा फिटत असेल तर व्याज उरलेल्या मुद्दलावरच बसायला हवे. त्याच तक्त्याची शेवटची ओळ पाहावी. 60 व्या महिन्यात मुद्दल 45,000 रुपये शिल्लक आहे आणि त्या एका महिन्याचे व्याज 27,000 रुपये लावले आहे. 27,000 हे पूर्ण 27 लाखांचे एका महिन्याचे व्याज आहे, आणि ते पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत तसेच चालू आहे. अशा हप्त्याचा खरा दर वार्षिक 20 टक्क्यांच्या किंचित वर जातो. घटत्या शिल्लकीवरचा हप्ता आपण एक्सेलमध्ये स्वतः काढून पाहू शकता:

```
=PMT(12%/12,60,-2700000)
```

उत्तर 60,060 येते. म्हणजे दरमहा 11,940 आणि 60 महिन्यांत 7,16,400 रुपये केवळ पद्धत बदलल्यामुळे जादा गेले.

एप्रिल 2024 मध्ये कराराप्रमाणे 36 महिन्यांनंतरची 15 टक्के वाढ लागू झाली. 1,50,000 चे 1,72,500 झाले, ते मान्य आहे. त्याबरोबर 72,000 चा हप्ताही 82,800 झाला. भाडे बाजाराबरोबर वाढते, म्हणून वाढीचे कलम असते. पाच वर्षांपूर्वी दिलेली आणि व्याज लावून परत घेतली जाणारी रक्कम बाजाराबरोबर वाढत नाही. 'समान मासिक हप्ते' असे लिहिल्यावर चौथ्या वर्षी हप्ता वाढतो कसा? या 10,800 रुपयांचे 24 महिन्यांत 2,59,200 रुपये होतात. मुख्य करारातील वाढीच्या कलमात 'एकूण मासिक मोबदला' असे शब्द आहेत आणि आपण त्यावर बोट ठेवाल, याची कल्पना आहे. पण परिशिष्ट 3 हा त्याच नोंदणीकृत दस्ताचा भाग आहे, आणि विशिष्ट रकमेसाठी लिहिलेली विशिष्ट अट सर्वसाधारण कलमाखाली झाकली जाऊ नये.

तिसरी बाब मुद्दलाची. कंत्राटदाराच्या अंतिम बिलातील बहुतेक कामे आमचीच आहेत. जिप्सम पार्टिशन, सोनोग्राफी कक्षाचे फॉल्स सीलिंग, एक्स-रे खोलीच्या भिंतींतले आणि दारातले शिशाचे पत्रे, नमुना संकलनाचे ओटे यांबद्दल वाद नाही. पण अनुक्रमांक 14 वर तळमजल्याच्या मुख्य पॅनेलपासून आमच्या मजल्याच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डापर्यंतची केबल आणि केबल ट्रे 2,25,000 रुपयांना आहे, आणि अनुक्रमांक 17 वर स्वच्छतागृहांच्या सामाईक डक्टचे वॉटरप्रूफिंग 1,35,000 रुपयांना. परिशिष्ट 2 मध्ये मालकाने जागा ज्या स्थितीत द्यायची ती यादी आहे, आणि ही दोन्ही कामे तिच्यात नावानिशी आहेत. आम्ही उद्या जागा सोडली तरी ती केबल आणि तो डक्ट इमारतीचेच राहतील. हे 3,60,000 रुपये वजा केले की मुद्दल 23,40,000 आणि खरा हप्ता 52,052 रुपये होतो. फरक दरमहा 8,008, म्हणजे 60 महिन्यांत 4,80,480 रुपये.

तिन्ही मिळून जादा वसुली 14,56,080 रुपये होते. 31 मार्चपर्यंतचे हप्ते धरून आमच्याकडून फिट-आउटपोटी 45,79,200 रुपये घेतले जातात, तेथे 31,23,120 घ्यायला हवे होते, असेही ताडून पाहता येईल.

यावर जीएसटीचा भार वेगळा. वसुली भाडे म्हणून दाखवल्याने तिच्या प्रत्येक रुपयावर, मुद्दलाच्या परतफेडीवरसुद्धा, 18 टक्के जीएसटी लागतो. कंत्राटदाराच्या बिलातला कर 27 लाखांत आधीच धरलेला आहे, त्यामुळे करावर पुन्हा कर बसतो. दुकान किंवा आयटी कंपनीला भाड्यावरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळते, म्हणून हे फारसे बोचत नाही. रोगनिदान सेवा करमुक्त असल्याने आम्हाला ते क्रेडिट नाही. फिट-आउटच्या भागावर 60 महिन्यांत बसणारा 8,24,256 रुपये कर हा आमचा निव्वळ खर्च आहे. हेच 27 लाख बँकेकडून घेतले असते तर ना मुद्दलावर जीएसटी लागला असता, ना व्याजावर. एवढे खरे की या बाबतीत आम्ही डोळे उघडे ठेवून सही केली, म्हणून 31,23,120 वरचा कर आम्ही मागत नाही. जादा रकमेवरच्या कराचे काय करायचे ते खाली लिहिले आहे.

अनामत रकमेकडेही लक्ष द्यावे. सहा महिन्यांची 13,32,000 रुपये अनामत 2,22,000 वर काढली होती. तीत 4,32,000 रुपये फिट-आउटच्या हप्त्याचे आहेत. आम्हाला 27 लाख देताना त्यातले 4,32,000 आपण बिनव्याजी परत ठेवून घेतलेत आणि व्याज मात्र पूर्ण 27 लाखांवर लावलेत. त्याची वेगळी भरपाई आम्ही मागत नाही, पण नव्या करारातली अनामत फक्त मूळ भाड्यावर काढावी.

आता नूतनीकरण. मूळ भाडे 1,50,000 होते, तीन वर्षांनी 1,72,500 झाले आणि त्यावर आपण सुचवलेली 15 टक्के वाढ धरली तर 1,98,375 रुपये होतात. आपली मागणी 2,93,595 ची आहे. मधले 95,220 रुपये म्हणजे फिटलेल्या रकमेचाच दोनदा वाढलेला हप्ता. पहिल्या 36 महिन्यांतच तो 34,27,920 रुपये होतो, म्हणजे आपण दिलेल्या मूळ रकमेपेक्षाही जास्त.

सजवलेल्या जागेला बाजारात जास्त भाडे मिळते, असे आपले म्हणणे असू शकते. पण शिशाचे पत्रे लावलेली खोली दुसऱ्या डायग्नोस्टिक सेंटरखेरीज कुणाच्या उपयोगाची नाही. दुसरीकडे करार संपताना सगळे काम आमच्या खर्चाने काढून जागा पूर्ववत करून द्यायची, असेही कलम आहे. काम आपल्या मालकीचे असेल तर आम्ही ते तोडायचे कशाला, आणि आमचे असेल तर त्याचे भाडे कशाचे? दोन्हीपैकी एक भूमिका घ्यावी.

एकच मोठा आकडा आपल्याला सोडवत का नाही, हेही आम्ही समजू शकतो. भाड्यावर कर्ज देणारी बँक आणि मिळकत विकत घेणारा, दोघेही नोंदणीकृत भाडेच पाहतात. 8 टक्के परतावा धरून मूल्यांकन केले तर दरमहा 72,000 रुपयांमुळे कागदावर मिळकतीची किंमत 1 कोटी 8 लाखांनी वाढते. तो फायदा आपला आहे. त्याची किंमत भाडेकरूने भरू नये.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे. आर्थिक वर्ष 2025-26 मधील जादा वसुली दरमहा 30,748 प्रमाणे 3,68,976 रुपये होते. तिची आणि तिच्यावरच्या 66,416 रुपये जीएसटीची क्रेडिट नोट द्यावी. या वर्षाची करासह क्रेडिट नोट देण्याची मुदत 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत आहे, आपले वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले गेले तर त्या दिवसापर्यंतच. त्याआधीच्या वर्षांची मुदत टळली आहे, म्हणून तेव्हाचे 10,87,104 रुपये नव्या भाड्यातून वळते करावेत, म्हणजे पहिले 24 महिने दरमहा 45,296 रुपये कमी. हे नव्या करारातच लिहिले, तर प्रत्येक बिल मुळात कमी रकमेचे निघेल, जीएसटीही तेवढा कमी लागेल आणि आपल्याला जुनी विवरणपत्रे उघडावी लागणार नाहीत. आपल्या कर सल्लागारांकडून ही मांडणी तपासून घ्यावी.

म्हणजे नवे भाडे 1,98,375 रुपये आणि पहिली दोन वर्षे प्रत्यक्ष आकारणी 1,53,079 रुपये. पुढे कधी फिट-आउटची रक्कम द्यायची झाली, तर तिचे वेगळे बिल, वेगळा तक्ता आणि संपण्याची तारीख मुख्य कलमातच असावी, आणि वाढीचे कलम फक्त मूळ भाड्याला लागू असावे.

सध्याचे भाडे आम्ही 31 मार्चपर्यंत वेळेवर भरू. फिट-आउटचा भाग हरकत नोंदवून भरत आहोत, अशी याच पत्राने नोंद घ्यावी. लेखी उत्तर 25 फेब्रुवारीपर्यंत मिळावे. तोवर तोडगा न निघाल्यास करारातील लवादाच्या कलमानुसार नोटीस देऊ. सोबत आपल्या लेखा विभागाचा तक्ता, अनुक्रमांक 14 व 17 वर खूण केलेले अंतिम बिल, परिशिष्ट 2 व 3 च्या प्रती आणि आमचा 60 महिन्यांचा हिशोब जोडला आहे.

आपले,
लेखा व प्रशासन विभाग
(दुसऱ्या मजल्यावरील डायग्नोस्टिक सेंटरच्या वतीने)