अळवाची गोरी बहीण

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादाबरोबर पाठवलेली कुंडी पोचली असेल. तिला पीस लिली म्हणतात. वास्तुशांतीला मला येता आलं नाही, म्हणून माझ्या वतीने ही. आई, पान बघून तुला काहीतरी ओळखीचं वाटेल, कारण ही अळवाच्याच कुळातली. सुरण, मनीप्लांट सगळे हिचे भाऊबंद. पांढरं दिसतं ते खरं तर फूल नाहीच, पानाचाच बदललेला प्रकार आहे. खरी फुलं मधल्या खडबडीत दांड्यावर असतात, इतकी बारीक की चष्मा लावूनच दिसतील.

हे नातं मुद्दाम सांगतेय, कारण साताऱ्याच्या घरी मोरीचं पाणी जिथे साचायचं तिथे तुझं अळू फोफावायचं. पाणी जितकं जास्त तितकी पानं मोठी. हिला तो हिशोब लावू नकोस. हिला ओल आवडते, पण मुळं पाण्यात बुडलेली चालत नाहीत. बंगळुरात मी पहिली पीस लिली अशीच मारली, म्हणून एवढं लांबण लावतेय.

जुलैचे दिवस होते. ऑफिसातून आले तर सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होती. मला वाटलं तहानली. तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी लोळली, मी आणखी एक तांब्या घातला. पाचव्या दिवशी एक पान उचलायला गेले तर देठासकट हातात आलं. कुंडीतून काढून बघितलं तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि गटारासारखा वास. चांगली मुळं पांढरट आणि कडक असतात. झालं होतं असं की माती आधीच ओली होती. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभी असूनही झाडाची पानं तहानेनेच लोळतात. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून अगदी सारखंच दिसतं.

म्हणून बाबा, पानं लोळलेली दिसली की तांब्याकडे हात जायच्या आधी बोट मातीत घाला, दोन पेरं खोल. कोरडं लागलं तर पाणी द्या, तीन-चार तासांत पानं ताठ उभी राहतील. तो प्रकार बघण्यासारखा असतो. बोटाला गार ओल लागली, माती चिकटली, तर पाणी अजिबात नाही. नुसत्या वरच्या मातीवर विश्वास ठेवू नका. नर्सरीवाल्याने नारळाचा भुसा भरलाय, तो वरून फिका आणि वाळका दिसतो आणि आत चिंब असतो. कुंडी उचलून बघणं हाही चांगला उपाय आहे, कोरडी कुंडी लगेच हलकी लागते. पण तुमची पाठ बघता तुम्ही बोटच घाला.

पाणी द्यायचं तेव्हा पोटभर द्या. रोज सकाळी पूजेनंतर थोडं थोडं नको. या सहा इंची कुंडीला चहाचे दोन-तीन कप पुरतात, खालच्या भोकांतून पाणी यायला लागलं की थांबायचं. आतली काळी प्लास्टिकची कुंडी वरच्या पांढऱ्या कुंडीत नुसती ठेवलेली आहे आणि पांढरीला खाली भोक नाही. तेव्हा काळी बाहेर काढून मोरीत पाणी घाला, पाचेक मिनिटं निथळू द्या आणि मग परत ठेवा. हे एक विसरलात तर तळाशी तळं होईल आणि बाहेरून कळणारही नाही. सध्याच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात साधारण चार-पाच दिवसांनी पाणी लागेल, थंडी पडली की आठवड्याने. पण वार ठरवू नका, बोट सांगेल तेच खरं.

आई, फिल्टरचं वाया जाणारं पाणी तू बादलीत साठवतेस ते फरशी पुसायला ठेव, हिला घालू नकोस. फिल्टरने काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात, त्याने पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत होतात. नळाचं साधं पाणी चालेल. सोसायटीत टँकरचं पाणी आलं असेल त्या दिवशी मात्र पिण्याच्या पाण्यातलं दे, तेवढी चैन करू.

आता ठेवायची कुठे. दादा म्हणाला, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात छान दिसेल. दिसेल, पण तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे ती मरायची नाही, फक्त तशीच बसून राहील आणि फुलं धरणार नाही. हॉलची गॅलरी पश्चिमेची, तिथल्या उन्हात पानावर भाजल्यासारखे फिके डाग पडतील. तुमच्या बेडरूमची पूर्वेची खिडकी सगळ्यात बरी. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर तिपाईवर ठेवा, सकाळचं कोवळं ऊन पडद्यातून आलं तर चालेल. बाबा, दुपारी बारा वाजता दिवा न लावता पेपर वाचता आला की तेवढा उजेड तिला पुरे. फक्त पंख्याचा झोत थेट अंगावर नको. आणि जमिनीवर ठेवू नका, दादाचा छोटा हल्ली सगळं तोंडात घालतो. कच्चं अळू खाजतं त्याच कारणाने हिचं पानही तोंडाला चरचरतं, आणि हिला चिंच घालून शिजवायचीही सोय नाही.

पहिल्या महिन्यात ती थोडी रुसेल. हिरव्या जाळीखाली वाढलेली आहे, घरातला उजेड आणि हवा अंगवळणी पडायला वेळ लागतो. खालची एक-दोन जुनी पानं पिवळी पडतील, ती बुडापासून कापून टाका. आठवडाभरात चार-पाच पिवळी पडली आणि माती ओली असेल, तर मात्र मला फोन करा. मातीवर चिलटं घोंघावायला लागली तरी समजा की पाणी जास्त होतंय. पानांवर पांढरी पूड दिसेल, आई, ती भुरी नाही, फुलाचे पराग आहेत, ओल्या फडक्याने पुसून घे. पांढरी फुलं काही आठवड्यांत हिरवी होतील, मग वाळतील. तसं झालं की दांडा पार मुळापाशी कापायचा. लगेच दुसरं फूल आलं नाही म्हणून खत घालू नका. नर्सरीत औषध फवारून एकदम फुलवतात, घरी ती तिच्या वेळेनेच फुलते, कधी कधी चार-सहा महिने घेते. महिनाभर खत नाही, कुंडी बदलणं नाही. मध्येच नवं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येताना दिसलं की समजायचं, घर मानवलं.

दिवाळीला येतेय, तेव्हा बघेनच.

तुमची,
मनू

ता. क. फुलांच्या दांड्यांना नर्सरीवाल्याने लाल रिबीन आवळून बांधलीये. फोटो काढून झाला की आजच कापून टाका, देठं मोडतात तिने.