घरभाडं, घरपट्टी आणि ते ३० टक्के

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरभाड्यावरच्या इन्कम टॅक्सबद्दल छोटी माहिती आली होती, त्यात एवढंच होतं की भाड्यातून ३० टक्के वजा होतात आणि घरपट्टी पण वजा होते. चूक नाहीये काही, पण आधी काय वजा करायचं आणि घरपट्टी नेमक्या कोणत्या वर्षात धरायची हे त्यात नव्हतं आणि आमच्या सोसायटीत दरवर्षी जुलैमध्ये सगळा गोंधळ तिथेच होतो. मी ३१ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, आता रिटायर झालेय, शेजारपाजारचे लोक रिटर्न भरताना कागद घेऊन येतात म्हणून हे लिहावंसं वाटलं.

समजा फ्लॅट १८,००० रुपये महिन्याने दिलाय आणि वर्षभर भाडेकरू होता, म्हणजे भाडं झालं २,१६,०००. मालकाने त्या वर्षात महापालिकेची घरपट्टी भरली १६,०००. (पुण्यात स्वतः राहणाऱ्याला घरपट्टीत ४० टक्के सवलत असते, ती भाड्याने दिलेल्या फ्लॅटला मिळत नाही, त्यामुळे हा आकडा बऱ्यापैकी मोठा असतो, सोडून देण्यासारखा नाही.) आधी घरपट्टी वजा करायची, राहिले २,००,०००. ह्या दोन लाखांचे ३० टक्के म्हणजे ६०,०००, ते स्टँडर्ड डिडक्शन. टॅक्सला धरायचं उत्पन्न १,४०,०००. लोक काय करतात तर पूर्ण भाड्याचे ३० टक्के आधी काढतात, ६४,८००, आणि मग घरपट्टी वजा करून १,३५,२०० दाखवतात, म्हणजे ४,८०० रुपये उत्पन्न कमी दाखवलं गेलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये भाडं आणि स्थानिक संस्थेला भरलेला कर असे दोन वेगळे रकाने असतात, तिथे खरे आकडे टाकले की ३० टक्के फॉर्म स्वतःच काढतो, तरीही लोक घरी वहीत हिशोब करून भाड्याच्या रकान्यात उरलेला आकडा टाकतात आणि मग त्याच्यातून परत ३० टक्के जातात. कृपया असं करू नका, भाडं पूर्ण लिहा.

दुसरी गोष्ट, हे ३० टक्के म्हणजे पेन्शनवालं स्टँडर्ड डिडक्शन नाही. ते जुन्या पद्धतीत ५०,००० आणि नव्यात ७५,००० असतं, ते पगार-पेन्शनचं, त्याचा भाड्याशी संबंध नाही, दोन्ही आपापल्या जागी मिळतात. आणि नवी टॅक्स पद्धत घेतली म्हणून भाड्यावरचे ३० टक्के किंवा घरपट्टी जात नाही, हे सांगावंच लागतं कारण आमच्याकडे दोन जणांनी त्या भीतीने दोन्ही सोडून दिलं होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यातही हे ३० टक्के आहेतच.

ह्या ३० टक्क्यांत दुरुस्ती, रंगकाम, विमा, एजंटचं कमिशन सगळं आलं. तुम्ही एक रुपया खर्च केला नाही तरी मिळतात आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला ९०,००० घातले तरी तेवढेच मिळतात, बिलं जोडून जास्त मागता येत नाही. घरासाठी कर्ज असेल तर त्याचं व्याज वेगळं वजा होतं, तो विषय मोठा आहे, इथे नको.

आता तारखेचं. घरपट्टी ज्या वर्षाची आहे त्या वर्षात नाही, ज्या वर्षात तुम्ही खरोखर पैसे भरले त्या वर्षात वजा होते. नुसतं बिल आलंय, देणं आहे, ह्याला किंमत नाही. उलट मागच्या तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली तर सगळी त्याच वर्षात वजा होते, हे फार जणांना माहीतच नसतं.

आमच्या दादाचं उदाहरण सांगते. तो ३१ मार्च २०२५ ला रिटायर झाला, पगार ३० टक्क्यांच्या स्लॅबमधला. फ्लॅट वरच्यासारखाच, भाडं आणि घरपट्टी तेवढीच. २०२४-२५ ची घरपट्टी राहून गेली होती, निरोप समारंभाच्या गडबडीत त्याने ती ३ एप्रिलला भरली, आणि चालू वर्षाची मे मध्ये भरली. म्हणजे २०२४-२५ मध्ये वजा झाले शून्य, २०२५-२६ मध्ये ३२,०००. वर वर बघितलं तर नुकसान काही नाही, दोन वर्षांचं मिळून भाड्याचं उत्पन्न दोन्हीकडून २,८०,००० च येतं. पण १६,००० च्या घरपट्टीने उत्पन्न कमी होतं ते ११,२०० नी, कारण बाकीचे ३० टक्के तसेही जाणारच होते, आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून त्याचे जवळजवळ ३,५०० रुपये वाचले असते. पुढच्या वर्षी त्याचं पेन्शन आणि भाडं मिळून १२ लाखांच्या खूप खाली होतं, नव्या पद्धतीत रिबेटमुळे टॅक्सच शून्य, मग तिथे ३२,००० वजा होऊन वाचणार काय? तीन दिवसांच्या फरकाने ३,५०० गेले, आणि महापालिकेची महिन्याला २ टक्के शास्ती लागली ती वेगळीच. मला फार वाईट वाटलं कारण बिल माझ्यासमोरच टेबलावर पडलं होतं.

अजून एक भांडण नेहमीचं. करारात लिहिलेलं असतं की घरपट्टी भाडेकरू भरेल. मग मालकाला ती वजा करता येत नाही, कारण त्याच्या खिशातून गेलेली नाही. ह्यावर लोक चिडतात, पण हिशोब करून बघा, भाडेकरू १६,००० घरपट्टी परस्पर भरतो आणि मालकाला २,००,००० देतो, तर त्याचे ३० टक्के गेले की राहिले १,४०,०००च. म्हणजे मालकाचं काही गेलं नाही. चूक होते ती भाडं २,००,००० दाखवून परत घरपट्टीही वजा केली की.

सोसायटीच्या मेंटेनन्सचं पण विचारतात. लिफ्ट, वॉचमन, पाणी, सिंकिंग फंड हे म्हणजे घरपट्टी नाही, त्या रकान्यात टाकायचं नाही. मुंबईत मात्र बऱ्याच जुन्या सोसायट्यांना महापालिकेचं एकच बिल येतं आणि सभासदाचा वाटा मेंटेनन्स बिलात प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वेगळा दाखवलेला असतो, तेवढाच आकडा धरायचा, आणि सोसायटीने तो पालिकेत कधी भरला त्याची पावतीची प्रत सेक्रेटरीकडून मागून घ्यायची. रिटर्नला पावती जोडावी लागत नाही, पण विचारणा आली तर तीच लागते आणि त्यावर भरल्याची तारीख असते ती महत्त्वाची. मालकी नवरा-बायको दोघांची असेल तर भाडं आणि घरपट्टी दोन्ही आपापल्या हिश्श्याप्रमाणे दोघांच्या रिटर्नमध्ये, एकाच्याच नावावर सगळं नाही.

तुम्ही जुलैमध्ये पुरवणीत परत हा विषय घेणार असाल तर एक उदाहरण आकड्यांसकट छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरपट्टी भरून टाका अशी चौकट द्या, जुलैमध्ये वाचून त्या वर्षाच्या तारखेचं काही करता येत नाही.

आपली,
एक निवृत्त वाचक, कोथरूड, पुणे