विषय: लिस्टिंगवर १७.८ टक्के, बाटलीत ३०.५ टक्के आणि विक्रेता भलताच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

तुमच्या कस्टमर केअरने आत्ताच माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली, म्हणून हे लेखी देतोय.

कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी मी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल मागवलं होतं. बाटलीवर तुमच्या गोदामाचं पांढरं स्टिकर आहे, त्यावर १७.८ एसएल लिहिलंय. ते अर्धवट निघालं तेव्हा खाली कंपनीचं मूळ लेबल दिसलं: ब्रँड वेगळा आणि इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी. पहिल्यात लिटरला साधारण २०० ग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात ३५०. पंपात नेहमीचं ५ मिली मोजून टाकलं असतं तर १ ग्रॅमऐवजी पावणेदोन ग्रॅम गेलं असतं.

फोनवर मी हे सगळं वाचून दाखवलं. उत्तर आलं, “सर, इमिडाच आहे ना? उलट त्याच भावात जास्त पॉवरचं मिळालंय, तुमचा फायदाच झाला.” मी विचारलं, मग पंपाला किती टाकू? “बाटलीवर वाचून घ्या, सर.” कोणतं वाचू, तुमचं स्टिकर की खालचं लेबल? त्यावर बराच वेळ होल्डची धून. मग, “आमच्या सिस्टिमला प्रॉडक्ट मॅच दाखवतंय.” दाखवणारच! सिस्टिम तुमचंच स्टिकर स्कॅन करते. फायदा झाला म्हणे. फवारणी करणारा माणूस ते औषध अंगावर घेतो, त्याचा कसला फायदा?

विक्रेत्याचंही तेच. लिस्टिंगवर पुण्याची फर्म आहे, पावतीवर दुसरंच नाव. लिस्टिंगवरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, पावतीवरचा २४ ने, म्हणजे गुजरात. दुसऱ्या राज्यातली शाखा म्हणून सांगू नका. शाखा असती तर पहिल्या दोन आकड्यांनंतरचा दहा अक्षरांचा पॅन तोच राहिला असता. इथे तोही वेगळा आहे. कीटकनाशकाला परवाना लागतो. मग या दोघांपैकी कोणाचा परवाना तुम्ही तपासलात?

लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, स्टिकर आणि लेबल एकत्र दिसणारा फोटो, बॅच नंबर आणि पावती सोबत जोडली आहे. आता लिस्टिंग बदललीत तरी उपयोग नाही. बाटलीचं सील शाबूत आहे, तरी ‘कीटकनाशक परत घेत नाही’ हे पालुपद ऐकवलं जातंय. मी मागवलं ते तुम्ही दिलेलंच नाही, तर परत घेत नाही कसं म्हणता?

पूर्ण पैसे परत करा, बाटली तुमच्या खर्चाने उचला आणि याच बॅचची बाटली ज्यांना गेली त्या प्रत्येकाला आज फोन करून ताकद सांगा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल देणं तुम्हाला बंधनकारक आहे. पोच आली नाही तर १९१५ वर तक्रार जाईल आणि बाटली स्टिकरसकट तालुक्याच्या कीटकनाशक निरीक्षकांकडे जाईल.

एक ग्राहक, कापूस उत्पादक