जिन्यातला सोफा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीला सांगलीला आलो तेव्हा आपल्या इमारतीचा जिना पाहिला, तो डोळ्यांपुढून जात नाही. खाली मीटरबोर्डाला खेटून रद्दीचे गठ्ठे, शेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणाचा तरी जुना सोफा. बाबा, तिथे तुम्हाला कठडा सोडून आडवं व्हावं लागत होतं. गच्चीच्या दाराला कुलूप, ते वेगळंच.

मीटरबोर्डात शॉर्टसर्किट झालं तर रद्दी आणि स्कूटर पेट घेणार. मग जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो, आणि आपण तिसऱ्या मजल्यावर. ज्वाळा आपल्यापर्यंत येणारही नाहीत, पण धुराने दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. सोफ्याचा फोम पेटला तर तो धूर आणखी विषारी.

म्हणून आई, 'आग' अशी ओरड ऐकली की लगेच दार उघडू नकोस. तळहाताची मागची बाजू दाराला लाव. गार लागलं तर फट करून बघ. जिना स्वच्छ असेल तर दोघं चालत खाली उतरा. लिफ्ट नको, वीज गेली तर मध्येच अडकाल. दार गरम असेल किंवा जिन्यात धूर असेल तर बाहेर पडू नका, वरही पळू नका. दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवा, रस्त्याकडच्या बाल्कनीत जा आणि १०१ ला फोन करून मजला सांगा. बाल्कनीच्या ग्रिलची किल्ली कपाटात नको, तिथेच खिळ्याला असू दे.

घरासाठी आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणतोय, आईला उचलेल असा. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेवढं महिन्यातून एकदा पाहत जा. पिन ओढायची आणि ज्वाळेवर नाही, तिच्या बुडाशी मारायचं. पावडर जेमतेम दहाएक सेकंद पुरते, म्हणून पाठ दाराकडे ठेवूनच उभं राहायचं. त्यात विझलं नाही तर बाहेर पडायचं. कढईतलं तेल पेटलं तर मात्र पाणी मुळीच नको, भडका उडतो. हात पोचत असेल तर गॅस बंद कर, वर परात झाक आणि गार होईपर्यंत उचलू नकोस.

मीटरबोर्डाजवळ सोसायटीने कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवायला हवा, विजेच्या आगीला तो चांगला. त्याला काटा नसतो, वजन करूनच तो भरलेला आहे का ते कळतं. बाबा, हे सेक्रेटरींच्या कानावर घाला. गच्चीला कुलपाऐवजी आतून कडी बसवायलाही सांगा.

रविवारी सकाळी येतोय. सोफा कोणाचा ते विचारून ठेवा. टेम्पो मी सांगतो, उतरवायला शेजारची पोरं आहेतच.

तुमचा,
संजू